निबंधातले 'छान', 'गोष्टी' आणि 'खूप' कसे काढायचे? (इयत्ता सातवी)

शेवंती
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम. 'आमची सहल' या निबंधाची वही परत आली. बाईंनी लाल पेनाने एवढंच लिहिलंय, 'मोघम आहे. नेमकं लिही.' तो विचारतो, नेमकं म्हणजे काय? मला वाचताना मोघम काय आहे ते जाणवतं, पण त्याच्या जागी काय लिहायचं हे समजावता येत नाही. निबंध जसाच्या तसा देते:

"मागच्या रविवारी आम्ही सिंहगडावर गेलो. सिंहगड खूप छान किल्ला आहे. सकाळी खूप थंडी होती आणि खूप धुके होते. आम्ही खूप चाललो. वर गेल्यावर खूप सुंदर दृश्य दिसले. तानाजी मालुसरे खूप शूर होते. गडावर आम्ही अनेक गोष्टी पाहिल्या. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, ती खूप छान होती. दही पण छान होते. बाबांनी किल्ल्याच्या खूप छान गोष्टी सांगितल्या. आम्हाला खूप मजा आली. अशा गोष्टी पाहायला सर्वांनी जावे."

मी पेन्सिलने गोल केले. बारा वाक्यांत 'खूप' नऊ वेळा, 'छान' चार वेळा, 'गोष्टी' तीन वेळा. सोळा गोल बघून तो रडकुंडीला आला. त्या दिवशी तो गडावर किती आनंदात होता हे मी पाहिलंय. त्यातलं काहीच कागदावर उतरलेलं नाही, याचं मला वाईट वाटतंय. कशी सुरुवात करू?

शब्दवेल्हाळ
रविवार, रात्री १०.०५

ताई, शब्दसंपत्ती कमी पडते आहे, बाकी काही नाही. घरात एक तक्ता लावा. छान या शब्दाला नयनरम्य, मनोहारी, विलोभनीय, अप्रतिम. खूप या शब्दाला अतिशय, अत्यंत, नितांत, प्रचंड. गोष्टी या शब्दाला बाबी, वस्तू, घटक. रोज पाच शब्द पाठ करून घ्या. 'सिंहगड हा नितांत रमणीय किल्ला आहे' असं वाक्य वाचल्यावर तपासणाऱ्यावर छाप पडतेच. मी स्वतः शाळेत असताना असंच करायचो आणि निबंधात नेहमी वरचे गुण असायचे.

दादरकर
रविवार, रात्री १०.२२

अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. आजकालची मुलं 'सॉलिड', 'एंजॉय', 'फुल टू' असले शब्द सर्रास वापरतात. आमच्या वेळी एक इंग्रजी शब्द आला तरी सर वाक्य खोडायचे. घरात मराठीच बोललं तर हे आपोआप सुधारेल.

शेवंती
रविवार, रात्री १०.३१

दादरकर काका, या निबंधात इंग्रजी शब्द एकही नाही हो. सगळे शब्द मराठीच आहेत, तरी त्यातून काही दिसत नाही, अडचण ती आहे.

शब्दवेल्हाळ, धन्यवाद. पण 'नितांत रमणीय' वाचूनही मला सिंहगड दिसला नाही. माझं काही चुकतंय का?

पाटीपेन्सिल
सोमवार, सकाळी ६.५०

शेवंतीताई, तुमचं चुकत नाही. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आणि नंतर हायस्कूलच्या वर्गांना मराठी शिकवलं, निबंधाच्या हजारो वह्या तपासल्या. त्यातून एक तपासणी हाताला लागली ती सांगतो. वाक्य उचलायचं आणि दुसऱ्या गावाला नेऊन ठेवायचं. 'सिंहगड हा नितांत रमणीय किल्ला आहे' हे वाक्य प्रतापगडावर ठेवा, पन्हाळ्यावर ठेवा, कुठेही चपखल बसतं. म्हणजे ते सिंहगडाबद्दल नाहीच. 'छान' काढून 'नयनरम्य' घातला तर मोघमपणा तसाच राहतो, फक्त अंगावर शालू चढतो. म्हणून शब्दाला शब्द हा उपाय इथे लागू पडत नाही.

हे तिन्ही शब्द तीन वेगळ्या तऱ्हेने लपवाछपवी करतात आणि मुलाला ते वेगवेगळे दाखवावे लागतात. 'छान' हा निकाल आहे. निकाल दिला, पण पुरावा दिलाच नाही. 'गोष्टी' ही झाकलेली टोपली आहे, आत काय आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला नसतं. आणि 'खूप' हे बोलताना टेबलावर हात आपटावा तसं आहे, आवाज होतो, माप कळत नाही. म्हणून 'छान' दिसला की विचारायचं, कशावरून? 'गोष्टी' दिसल्या की टोपली उघडून एकच जिन्नस बाहेर काढायचा. आणि 'खूप' दिसला की आधी तो नुसता खोडून वाक्य मोठ्याने वाचायचं. दहातल्या सहा वेळा काही बिघडत नाही.

आणि सोळाच्या सोळा गोल एका बैठकीत सोडवायला बसवू नका. मूल थकतं आणि मग काहीतरी खोटं घालून मोकळं होतं.

शेवंती
सोमवार, दुपारी १.१५

सर, सकाळी शाळेत जाण्याआधी विचारून पाहिलं. "पिठलं-भाकरी छान म्हणजे कशी होती रे?" तर म्हणाला, "म्हणजे मस्त होती." परत विचारलं तर "चविष्ट". पुढे गाडी सरकेना.

वॉर्ड_क्रमांक_चार
सोमवार, दुपारी २.४०

मी परिचारिका आहे, शिक्षणाशी संबंध नाही, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. नोकरीला लागले तेव्हा रात्रपाळी संपताना नोंदवहीत मी लिहिलं होतं, 'रुग्ण चांगले जेवले, झोप बरी लागली.' सकाळी आलेल्या सिस्टर वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "चांगले म्हणजे किती? डॉक्टर मला विचारतील तर मी काय सांगू?" मला आठवेना. कारण जेवताना मी ताटाकडे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लिहायला लागले, 'अर्धी पोळी, एक वाटी वरण, भाजी नको म्हणाले. दीड ते चार झोप, मग खोकल्याने जाग.'

तेव्हा जे कळलं ते सांगते. तसं लिहायचं ठरवल्यावर मी ताटाकडे बघायला लागले. आधी बघणं आलं, शब्द नंतर आले. मुलाला 'छान म्हणजे काय' विचारू नका. ताटात काय होतं, शेवटी ताटात काय उरलं, असं विचारून बघा.

पाटीपेन्सिल
सोमवार, संध्याकाळी ५.०५

सिस्टर, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. 'म्हणजे काय' विचारलं की मूल शब्द शोधतं आणि दुसरा तसाच शब्द हाती लागतो. छान, मस्त, चविष्ट, ही एकाच खोलीतली फेरी आहे. त्याला त्या जागी परत न्यावं लागतं. मी वर्गात विचारायचो ते प्रश्न असे असायचे. तेव्हा तू बसला होतास की उभा? हातात काय होतं? शेजारी कोण होतं आणि ते काय करत होतं? कुठे चटका बसला, काही सांडलं, काही अडलं? सांडण्याचा प्रश्न हमखास चालतो. मुलांना जे बिघडलं ते लख्ख आठवतं.

उत्तरं तो बोलेल तशी तुम्ही लिहून घ्या. त्याच्या हातात पेन देऊ नका. पेन हातात आलं की पुन्हा 'छान' येतो.

शेवंती
सोमवार, रात्री ९.२०

केलं! रात्री जेवताना विचारलं आणि मी कागदावर उतरवत गेले. त्याच्याच शब्दांत देते.

पिठलं-भाकरी: "आम्ही घोंगडीवर बसलो होतो. पिठलं एवढं पातळ होतं की ताटात पळायला लागलं, म्हणून ताईने भाकरीचे तुकडे कडेला लावून बांध घातला. मी आधी बांधच खाल्ला, मग पिठलं माझ्या पँटवर आलं."

दही: "छोट्या मडक्यात होतं. मडकं उलटं केलं तरी पडेना. शेवटी शेवटी दह्याला मातीचा वास येत होता, तो मला आवडला."

धुकं: "बाबा पुढे होते पण बाबा दिसत नव्हते, त्यांच्या पाठीवरची लाल सॅक तेवढी दिसत होती. सॅक एकटीच वर चालली होती."

मी थक्क झाले. हे सगळं त्याच्याकडे होतं. 'खूप धुके होते' या वाक्याखाली ही लाल सॅक दडलेली होती!

अनुस्वार
सोमवार, रात्री ९.५८

"सॅक एकटीच वर चालली होती" हे वाक्य कुणीही सुधारू नका. वीस वर्षं मुद्रितशोधनात आणि संपादनात घालवली, असं वाक्य क्वचित हाती येतं. 'सॅक'चं 'पिशवी'सुद्धा करू नका. पिशवी हातात असते, सॅक पाठीवर असते. त्यामुळेच तर ती हवेत एकटी चालताना दिसते.

शब्दवेल्हाळ
सोमवार, रात्री १०.३०

मान्य करतो, हे माझ्या तक्त्यातून आलं नसतं. पण एक मुद्दा सोडत नाही. 'खूप'च्या बाबतीत शब्दसंपत्ती लागतेच. मराठीत 'खूप' वेगळा लिहायची गरजच नसते इतके जोडशब्द आहेत. थंडगार, गरमागरम, हिरवागार, लालभडक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट, गोडमिट्ट, आंबटढाण, कडूजहर. 'खूप काळा'ऐवजी काळाकुट्ट लिहिलं की काम झालं. हा तक्ता तरी लावा.

अनुस्वार
सोमवार, रात्री ११.१०

इथे तुमचं बरोबर आहे, आणि हा मराठीचा फार मोठा ठेवा आहे. पण 'खूप काळा बरोबर काळाकुट्ट' असं समीकरण करून पाठ केलं की घोळ होतो. या जोडशब्दांचा दुसरा भाग नुसता जोर देत नाही, तो काळ्याची जात सांगतो. डोळे आणि केस काळेभोर असतात, त्यात माया आहे. तेल लावलेली, चमकणारी म्हैस काळीकुळकुळीत. ढग किंवा अंधार काळाकुट्ट. आता 'आईचे केस काळेकुट्ट होते' लिहिलं तर जोर तेवढाच आहे, पण माया गेली.

पांढऱ्याचंही तसंच. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, भीतीने उतरलेला चेहरा पांढराफटक. लाल घ्या. डाळिंबाचा दाणा किंवा पोपटाची चोच लालचुटूक, रागावलेला चेहरा लालबुंद, डोळ्यांत खुपणारं कापड लालभडक. गारव्यातसुद्धा भेद आहे. माठातलं पाणी थंडगार, ते हवंसं असतं. ताटात राहून गेलेली भाकरी गारढोण, ती नकोशी असते. सिंहगडावरच्या देवटाक्याचं पाणी 'गारढोण' लिहिलं तर वाचणारा तोंड वाकडं करेल.

म्हणून तक्ता लावायचाच तर शब्दापुढे दुसरा शब्द लिहू नका, ती वस्तू लिहा. काळाभोर: डोळे. लालचुटूक: डाळिंब. पांढराफटक: घाबरलेला चेहरा.

शब्दवेल्हाळ
सोमवार, रात्री ११.२५

हे मला असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. गोडमिट्ट मी चांगल्या अर्थाने वापरत आलोय. तिथेही चुकलो का?

अनुस्वार
सोमवार, रात्री ११.३२

माझ्या कानाला त्यात 'गोड जरा जास्तच झालंय' असं ऐकू येतं. घशाशी येणारा गोडवा. पण विदर्भातला माझा एक सहकारी कौतुकानेही म्हणायचा. इथे प्रांताप्रांतात फरक असावा, मी हट्ट धरणार नाही.

पार_समुद्रापार
मंगळवार, सकाळी ७.१५

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी दर रविवारी मराठी शाळेत जाते, वय अकरा. तिच्याकडे 'छान' हा एकच शब्द आहे कारण घरात आम्ही तोच वापरतो. चित्र छान, भाजी छान, फ्रॉक छान. वरचे जोडशब्द वाचून आनंद झाला, पण काळजीही वाटली. पोपटाची चोच तिने चित्रातच पाहिलीय, माठ तर पाहिलेलाच नाही. तिला 'थंडगार' कसं शिकवू?

पाटीपेन्सिल
मंगळवार, सकाळी ८.००

ताई, माठ नसला तरी चालेल. नेमकेपणा मराठी वस्तूंत नसतो, तिने पाहिलेल्या वस्तूंत असतो. तिथल्या तलावात पाय घातल्यावर तिला काय झालं ते तिने मराठीत सांगावं. शब्द अडला तर तुम्ही पुरवा, पण शब्द पुरवा, अनुभव पुरवू नका. आणि घरात तुम्ही स्वतः 'भाजी छान झालीय' म्हणण्याऐवजी 'आज वांगं मऊ शिजलंय' म्हणून बघा. वर्गातल्या शिकवणीपेक्षा मुलं हे लवकर उचलतात.

शेवंती
मंगळवार, दुपारी ३.३०

सर, एक नवीनच अडचण. आता तो चेकाळलाय! दुसरा मसुदा लिहिलाय तो असा: "आम्ही पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी उठलो. ६ वाजून २५ मिनिटांनी निघालो. माझ्या बाटलीत १ लिटर पाणी होते. बाबांच्या सॅकमध्ये ४ सफरचंदे, २ बिस्किटपुडे आणि १ टॉवेल होता. आम्ही आतकरवाडीतून चढायला सुरुवात केली. वाटेत आम्ही ३ वेळा बसलो." आणि हे असं पानभर. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाला, "नेमकं लिहायला सांगितलंय ना?"

पाटीपेन्सिल
मंगळवार, संध्याकाळी ४.४५

हे हमखास होतं, घाबरू नका. त्याला कळलंय की तपशील हवा, कोणता ते अजून कळलेलं नाही. आकडा म्हणजे नेमकेपणा हा गैरसमज मोठ्या माणसांतही असतो. चार सफरचंदं होती की पाच, याने सहलीत काय बदललं? काहीच नाही. 'वाटेत तीन वेळा बसलो' हे मात्र उपयोगाचं आहे, कारण त्यात दमछाक आहे. 'आम्ही खूप चाललो' या वाक्याचा पुरावा तोच आहे. तिसऱ्यांदा कोण आधी बसलं, एवढं विचारा, म्हणजे ते वाक्य पुरं होईल.

त्याला सांगा, प्रत्येक तपशिलाला एक काम नेमून दे. लाल सॅक धुकं दाखवते. भाकरीचा बांध पातळ पिठलं आणि ताई, दोन्ही दाखवतो. बिस्किटपुडे काय दाखवतात? काहीच नसेल तर ते सॅकमध्येच राहू देत.

आणि सोळा गोलांपैकी तीन-चारच उलगडायचे. बाकीचे वाक्यासकट खोडायचे. 'सिंहगड खूप छान किल्ला आहे' हे अख्खं वाक्य गेलं तरी निबंधाचं काही जात नाही.

वॉर्ड_क्रमांक_चार
मंगळवार, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडेही नवीन मुली असंच करतात. वहीत सगळं भरतात आणि ज्यासाठी डॉक्टर वही उघडतात तेच त्यात हरवून जातं.

एक विचारू का? "तानाजी मालुसरे खूप शूर होते" याचं काय करायचं? तिथे तर मुलाने काहीच पाहिलेलं नाही. सांडलं का, उरलं का, हे विचारता येणार नाही.

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ८.३०

फार चांगलं विचारलंत. 'शूर' हासुद्धा निकालच आहे, 'छान'चा मोठा भाऊ. इतिहासात पुरावा म्हणजे कृती. १६७० च्या फेब्रुवारीतल्या रात्री मावळे कडा चढून गडावर आले, तानाजी लढताना पडले, सूर्याजीने मागे फिरणाऱ्या मावळ्यांना थोपवलं आणि गड घेतला. यातली एक कृती निवडायची. मुलगा सातवीतला आहे, तो गडावर स्वतः उभा होता, म्हणून मी कडा निवडेन. कारण कडा त्याने पाहिलाय. त्याला विचारा, कड्यावरून खाली बघितलंस तेव्हा काय झालं?

फक्त एक पथ्य. आठवणीतला तपशील त्याचा, पण इतिहासातला तपशील पुस्तकातला. तिथे रंगवायचं नाही. नेमकं लिहायच्या नादात मुलं 'तानाजींनी उजव्या हाताने चोवीस जणांना मारले' असं लिहून मोकळी होतात. खोटा नेमकेपणा मोघमपणापेक्षा वाईट, कारण तो खरा वाटतो.

दादरकर
मंगळवार, रात्री ९.०५

परवा मी विषय वेगळीकडे नेला, माफ करा. आता सगळं वाचलं. एक शंका. मुलाला काही आठवतच नसेल, तर मनाने एखादा तपशील घातला तर काय बिघडलं? 'झाडाचे आत्मवृत्त' लिहिताना तरी कोण झाड झालेलं असतं?

अनुस्वार
मंगळवार, रात्री ९.४०

आत्मकथनात कल्पनाच करायची असते, तिथे घालावा. तिथेही झाड कोणतं ते ठरवावं. 'मी झाड बोलतोय' आणि 'मी एसटी स्टँडामागचं कडुनिंबाचं झाड बोलतोय' यातल्या दुसऱ्या वाक्यानंतर पुढची वाक्यं आपोआप सुचतात. सहलीच्या निबंधात मात्र मी मनाचं घालू देणार नाही. एकदा सवय लागली की मूल बघायचं सोडून रचायला लागतं.

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री १०.००

मी थोडा सैल आहे. परीक्षेत समोर विषय येतो 'मी पाहिलेला अपघात' आणि मुलाने अपघात पाहिलेलाच नसतो. त्याने दोन खऱ्या आठवणी जोडून एक प्रसंग उभा केला तर मी गुण कापत नाही. रस्त्यावर पडलेली चप्पल त्याने कुठेतरी पाहिलेली असावी, एवढीच माझी अट असते. अनुस्वारांचं म्हणणं मला पटतं, तरी परीक्षेच्या खोलीत ते पाळता येतं असं मला वाटत नाही.

शेवंती
बुधवार, सकाळी ११.२०

तिसरा मसुदा. प्रश्न मी विचारले, वाक्यं त्याची. शुद्धलेखन तेवढं मी तपासलंय. त्याने बोलीतलं तसंच ठेवलंय, ते चालेल का तेही सांगा.

"मागच्या रविवारी आम्ही आतकरवाडीतून सिंहगड चढलो. धुकं एवढं होतं की पुढे चालणारे बाबा दिसत नव्हते. त्यांच्या पाठीवरची लाल सॅक तेवढी दिसत होती. सॅक एकटीच वर चालली होती. वाटेत आम्ही तीन वेळा बसलो. तिसऱ्यांदा बाबाच आधी बसले. पुणे दरवाजाशी पोहोचलो तेव्हा माझे कान गार पडले होते आणि पाठ घामाने भिजली होती.

वर गेल्यावर धुकं विरलं. लांब खाली चकाकणारी पट्टी दिसली. बाबा म्हणाले, ते खडकवासल्याचं पाणी. मग आम्ही कड्याजवळ गेलो. खाली झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसत होती. मी बाबांचा हात सोडला नाही. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कडा चढून आले ते रात्री. त्यांच्या हाताला बाबा नव्हते.

मला खूप भूक लागली होती. आम्ही घोंगडीवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं ताटात पळायला लागलं म्हणून ताईने भाकरीच्या तुकड्यांचा बांध घातला. मी आधी बांधच खाल्ला. दह्याचं मडकं उलटं केलं तरी दही पडेना. तळाच्या दह्याला मातीचा वास होता. बाबांनी उतरताना गडाच्या गोष्टी सांगितल्या, पण मी अर्ध्याच ऐकल्या, कारण माझं लक्ष पँटवरच्या पिठल्याकडे होतं."

'गोष्टी' आणि 'खूप' एकेक उरलेत. त्याला म्हटलं काढ, तर म्हणाला, "इथल्या गोष्टी म्हणजे कहाण्या आहेत, थिंग्ज नाहीत." ते पटलं. पण 'खूप भूक'वरही तो अडून बसलाय.

अनुस्वार
बुधवार, दुपारी १२.०५

"त्यांच्या हाताला बाबा नव्हते." मी हे वाक्य तीनदा वाचलं. 'शूर' शब्द कुठेही नाही आणि शौर्य पुरेपूर पोहोचलं.

'गोष्टी'बद्दल त्याचंच बरोबर आहे. याच कारणाने शब्द शोधून सरसकट खोडू नयेत. मराठीत गोष्ट ही कहाणीही असते, तिथे तो शब्द अगदी नेमका आहे.

'खूप भूक'ही राहू द्या. वाचणाऱ्याला ती भूक माहीत आहे, ती रंगवत बसलो तर पिठल्यापर्यंत पोहोचायला उशीर होईल. नऊ 'खूप' होते तेव्हा एकाचाही आवाज येत नव्हता, आता एकच आहे तर तो ऐकू येतो.

बोलीबद्दल सांगायचं तर 'धुकं', 'पिठलं' ही अनुस्वाराची रूपं माझ्या दृष्टीने चालतात. काही शिक्षक निबंधात 'धुके'च मागतात. बाईंना विचारून घ्या. एक पद्धत धरली की शेवटपर्यंत तीच पाळावी, एवढं बघा.

पाटीपेन्सिल
बुधवार, दुपारी १.३०

एक सुचवणी, तीही त्याला पटली तरच. 'कारण माझं लक्ष' मधला 'कारण' काढून दोन वाक्यं करून वाचायला सांगा. "मी अर्ध्याच ऐकल्या. माझं लक्ष पँटवरच्या पिठल्याकडे होतं." कोणतं बरं वाटतं ते त्याचं त्याने ठरवावं.

आणि त्याच्या वडिलांना सांगा, तिसऱ्यांदा आधी बसले हे निबंधात आल्याबद्दल रागावू नका. त्या वाक्याने चढ किती होता ते कळतं.

दहावीची_आई
बुधवार, दुपारी ४.५०

इथे शेवटी का होईना विचारते. सहलीचं झालं, पण माझ्या मुलीचा विषय आहे 'वाढते प्रदूषण'. तिने लिहिलंय, 'प्रदूषण ही खूप मोठी समस्या आहे, अनेक गोष्टींमुळे ते वाढते, आपण चांगल्या सवयी लावल्या पाहिजेत.' 'छान'च्या जागी 'चांगल्या', बाकी तेच शब्द! पण इथे लाल सॅक कुठून आणायची? वैचारिक निबंधात स्वतःचं काही लिहिलं तर चालतं का? तिच्या क्लासचे सर 'मी' हा शब्द आला की खोडतात.

पाटीपेन्सिल
बुधवार, संध्याकाळी ६.१५

'मी' न लिहिताही टोपली उघडता येते. 'अनेक गोष्टींमुळे'च्या जागी एकच कारण घ्या, जे तिच्या घरापासून चालत जाऊन बघता येतं. तुमच्या भागात नाला असेल, वीटभट्टी असेल, कचऱ्याला लावलेली आग असेल. तिला उद्या तिथे दहा मिनिटं उभं राहू द्या. पाण्याचा रंग काय, त्यावर काय तरंगतंय, वास कुठून सुरू होतो, लोक तिथून जाताना काय करतात. मग लिहायचं, 'पुलावर आले की रिक्षावाले नाकाला रुमाल लावतात.' यात 'मी' नाही, 'खूप मोठी समस्या' नाही, पण समस्या आहे.

'चांगल्या सवयी' तिथेच अडेल, हे आधीच सांगतो. उपाय लिहिताना सगळीच मुलं पुन्हा मोघम होतात, कारण तो नाला कुणी साफ करायचा हे त्यांना ठाऊक नसतं. बऱ्याचदा आपल्यालाही नसतं. ते मला वर्गात कधी नीट सोडवता आलं नाही. कुणाला आलं असेल तर लिहा.

दहावीची_आई
बुधवार, संध्याकाळी ६.४०

आमच्या इमारतीमागेच नाला आहे, सर. तिची खोली त्याच बाजूला आहे आणि खिडकी आम्ही वर्षभर बंदच ठेवतो. हे निबंधात लिहायचं आम्हाला सुचलंच नाही. आज संध्याकाळी तिला खिडकी उघडायला सांगते.